सोलापूर : शेवटचा दिवस, रात्री साडेदहाची गाडी आणि सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं सोलापूरला येतोय. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघ्याचा त्रास आहे. पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट ही तिन्ही दर्शनं व्हावीत अशी त्यांची खूप दिवसांची इच्छा आहे.

जाताना गुरुवारी रात्री मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस, म्हणजे शुक्रवारी सकाळी सातच्या आत सोलापुरात. परतीचं तिकीटही सिद्धेश्वरचंच आहे, रविवारी रात्री साडेदहाच्या सुमाराचं. मुक्काम सोलापुरातच, दोन रात्री. पंढरपूर आणि तुळजापूर पहिल्या दोन दिवसांत करणार. प्रश्न रविवारचा आहे. हॉटेलची खोली दुपारी बाराला सोडायची आणि गाडी साडेदहाला. मधल्या साडेदहा तासांचं काय करायचं?

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावी असाच दिवस आला होता. बाराला खोली सोडली, बॅगा घेऊन एका बागेत बसलो, मग देऊळ, मग बाजार, मग स्टेशनवर तीन तास. गाडीत बसेपर्यंत सासूबाईंचे पाय सुजले होते आणि मुलाला ताप चढला होता. तीन दिवसांची सगळी सहल त्या एका दिवसाने विस्कटली. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

भटक्या_विजय

अगदी सोपं आहे. सकाळी भुईकोट किल्ला, मग सिद्धेश्वर मंदिर, दुपारी नान्नजचं माळढोक अभयारण्य, परत येताना चार हुतात्मा चौक, इंद्रभुवन, कोटणीस स्मारक, संध्याकाळी नवी पेठेत चादरी. साडेदहा कधी वाजतात कळणारसुद्धा नाही. आम्ही मित्रांनी हे सगळं एका दिवसात केलंय.

मृण्मयी_ठाणे

@भटक्या_विजय, धन्यवाद, पण एप्रिलमध्ये दुपारी माळरानावर सासूबाईंना कशी नेऊ? मला तास भरायचे आहेत हे खरं, पण माणसं दमायला नको आहेत.

बाळीवेसकर

ताई, मी सोलापूरचाच, जन्म इथला. एप्रिलअखेरीला आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी साडेदहा-अकराला गाव तापायला लागतं ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत. त्या वेळात आम्ही स्वतः बाहेर पडत नाही, तर पाहुण्यांना कुठं हिंडवणार? सिद्धेश्वराच्या देवळात दुपारी अनवाणी चालून बघा, फरशीवर पाय टेकवत नाहीत. पोरगं तर रडायलाच लागेल.

म्हणून रविवारचे दोनच तुकडे कामाचे धरा. पहाटेपासून दहापर्यंत, आणि साडेपाचनंतर. मधले सात-साडेसात तास डोक्यावर छप्पर आणि पाठ टेकायला गादी पाहिजे. ती कुठून मिळवायची, एवढाच तुमचा खरा प्रश्न आहे. बघण्यासारख्या जागांची यादी त्यात उपयोगाची नाही.

पक्का_प्रवासी

त्यासाठी हॉटेल शोधतानाच '२४ तास चेकआउट'वालं बघा. सोलापुरात स्टेशनजवळच्या बऱ्याच लॉजना ही पद्धत आहे. बारा वाजता हाकलत नाहीत. प्रश्नच मिटला.

रेवती_कुलकर्णी

माझा थोडा वेगळा अनुभव. आम्हाला सोलापूरहून पुण्याला जायचं होतं, तेही सकाळी. हुतात्मा एक्सप्रेस इतक्या लवकर सुटते की आदल्या रात्रीच बॅगा भरून झोपावं लागतं. रिक्षावाल्याला रात्रीच सांगून ठेवा, पहाटे रिक्षा मिळायला वेळ लागतो.

मृण्मयी_ठाणे

@रेवती_कुलकर्णी, आमची गाडी रात्रीची आहे हो. पण रिक्षाचं लक्षात ठेवते.

माधवकाका_सोलापूर

मी तीसेक वर्षं लॉजच्या काउंटरवर बसलोय, आता निवृत्त आहे. त्यामुळे @पक्का_प्रवासी यांनी लिहिलंय त्यात एक भर घालतो, कारण नेमकं तिथंच लोक फसतात आणि मग काउंटरवरच्या माणसाशी भांडतात.

२४ तास म्हणजे तुम्ही वहीत सही केल्यापासून २४ तास. ही मंडळी शुक्रवारी सकाळी सातला गाडीतून उतरणार. सरळ लॉजवर येऊन सातला खोली घेतली, तर दोन दिवस संपतात रविवारी सकाळी सातला! म्हणजे बाराला सोडायची ती सातलाच सोडावी लागेल किंवा तिसऱ्या दिवसाचं भाडं द्यावं लागेल. सकाळच्या गाडीने येऊन रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याला ही पद्धत उलटी पडते. त्यापेक्षा बारा ते बारावालं हॉटेल बरं, पण तिथं सकाळी सातला आलात तर लवकर खोली दिल्याचे वेगळे पैसे मागतात.

पण हीच पद्धत नीट वापरली तर तुमच्या बाजूने वळते. शुक्रवारी खोली सकाळी घेऊच नका. संध्याकाळी सहाला घ्या. दोन दिवसांचं भाडं भरलंत की खोली रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तुमची. शेवटच्या दिवसाची दुपार पहिल्या दिवशी सही करतानाच मिळवायची असते, रविवारी सकाळी काउंटरवर विनवण्या करून नाही.

आता शुक्रवारी सात ते संध्याकाळी सहा काय करायचं? सोलापुरात उतरून तुम्ही गाडी ठरवून थेट पंढरपूरला जा. बहात्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, दीड ते दोन तास. तिथं मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, तिथं किंवा जवळपास एखादी खोली काही तासांसाठी घ्या. आंघोळी, दर्शन, जेवण आणि दुपारची झोप तिथंच होते. चार वाजता निघा, सहाला सोलापूर. खोली घ्या आणि वहीत लिहिलेली वेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ‘१८.००’ लिहिलंय की काउंटरवाल्याने सवयीने ‘१२.००’ लिहिलंय हे तपासल्याशिवाय सही करू नका. पावतीवरही वेळ लिहून घ्या. रविवारी काउंटरवर दुसराच माणूस असतो, त्याच्यापुढे तोंडी बोलणं चालत नाही.

सुलभा_जोशी

माधवकाका, हिशेब पटला, पण एक शंका आहे. रात्रभर गाडीत अर्धवट झोप झालेल्या बाईला लगेच दोन तास मोटारीत बसवायचं, मग दर्शनाच्या रांगेत उभं करायचं? रविवारचा थकवा तुम्ही शुक्रवारवर ढकललात. माझ्या आईला असं नेलं होतं, ती रांगेतच खाली बसली.

माधवकाका_सोलापूर

सुलभाताई, शंका खरी आहे. म्हणूनच पंढरपुरात आधी खोली आणि नंतर दर्शन असं लिहिलं. गाडीतून उतरून थेट रांगेत जायचं नाही. आणि फरक असा की शुक्रवारी दमलं तरी संध्याकाळी सहाला हक्काची गादी असते. रविवारी दमलं तर पुढे आठ तासांचा बर्थ असतो. पण ज्यांना गाडीत अजिबात झोप लागत नाही त्यांनी हे करू नये. त्यांनी शुक्रवारी सकाळीच खोली घ्यावी आणि रविवारच्या दुपारचे जास्तीचे पैसे मोजावेत.

बाळीवेसकर

पंढरपूरला जाताना एकादशी नाही ना एवढं पंचांगात बघा. चैत्री वारी पण असते, त्या सुमाराला गावात पाय ठेवायला जागा नसते.

आणि वारांचं पण बघा की. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी. अक्कलकोटला गुरुवारी. म्हणून शुक्रवारी पंढरपूर हे बरोबर बसतंय, शनिवारी तुळजापूर, ते पंचेचाळीस किलोमीटरवर आहे.

प्रसाद_वाकड

आणि रविवारी अक्कलकोट! चाळीसच किलोमीटर तर आहे. पहाटे साडेपाचला निघायचं, साडेसहाला तिथं, दर्शन करून नाश्ता, दहाला परत सोलापुरात. मग खोलीत झोपायचं. माधवकाकांची सहाची खोली असेल तर हे छान जमतं. आम्ही तर अन्नछत्रात महाप्रसादही घेऊन आलो होतो.

माधवकाका_सोलापूर

@प्रसाद_वाकड, महाप्रसाद दुपारचा असतो. तो घ्यायचा म्हटला की परत यायला अडीच-तीन वाजतात, तेही भर उन्हात. मग खोलीत झोपायला तीन तास उरतात आणि त्यातला एक तास बॅगा भरण्यात जातो. अक्कलकोट करायचंच असेल तर महाप्रसादाचा मोह सोडून दहाच्या आत परत या. नाहीतर शनिवारी तुळजापूरबरोबरच उरका.

सुलभा_जोशी

शनिवारी दोन्ही नको. सकाळी तुळजापूरच्या पायऱ्या, संध्याकाळी अक्कलकोट, गुडघ्याचं काय होणार? माझं मत आहे की रविवारी गावाबाहेर पडूच नये. गाडी पंक्चर झाली, रांग लांबली, तर दिवसभर डोक्यावर घड्याळ. शेवटच्या दिवशी चाळीस किलोमीटरही लांब वाटतात.

प्रसाद_वाकड

गाडी रात्री साडेदहाची आहे सुलभाताई! पंक्चर काढायला बारा तास लागत नाहीत. आणि आजींची इच्छा तिन्ही देवस्थानांची आहे. अक्कलकोट राहिलं तर त्यांना रुखरुख लागेल, ती पायांच्या दुखण्यापेक्षा वाईट.

मृण्मयी_ठाणे

दोघांचंही पटतंय, त्यामुळे सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “स्वामींकडे जायचंच. पण उभं राहवलं नाही तर मी बाहेर बसून नमस्कार करीन, मला ओढू नका.” म्हणजे रविवार पहाटे अक्कलकोट पक्कं. पण ठरवलेल्या लॉजला फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडे बारा ते बाराच, रविवारी सहापर्यंत हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं. आता?

पक्का_प्रवासी

मी लिहिलेलं अर्धवट होतं, माधवकाकांनी नीट सांगितलं. आता दुसरा उपाय. सामान स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये टाकायचं आणि रिटायरिंग रूम घ्यायची. कमी पैशात होतं.

नीता_रेल्वेप्रेमी

रिटायरिंग रूमबद्दल नीट सांगते, कारण ती ऐन वेळी मिळेल या भरवशावर बरेच जण राहतात. ती आयआरसीटीसीच्या rr.irctctourism.com वरून आधी घेता येते. त्याला पीएनआर लागतो आणि तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवं, वेटिंगवर होत नाही. ज्या स्टेशनवरून चढणार किंवा जिथं उतरणार तिथलीच मिळते. मृण्मयीताईंचं परतीचं तिकीट सोलापूरहून आहे, त्यामुळे त्यांना सोलापूरची मागता येईल. खोल्या मोजक्याच असतात, तेव्हा तिकीट हातात आलं की लगेच बघायचं. वेळांचे टप्पे काय दाखवतात ते नीट वाचा. बारा तासांचा टप्पा रात्री आठला संपत असेल तर आठनंतरचे अडीच तास वेगळे सोडवावे लागतील.

आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही. खोली कितव्या मजल्यावर आहे? स्टेशनवरच्या या खोल्या बहुतेक ठिकाणी वर असतात. गुडघ्याचा त्रास असेल तर जिना आहे की लिफ्ट, हे शुक्रवारी सकाळी उतरल्यावरच बघून या. तुम्ही तिथंच असाल.

क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. चेन असेल तर तिला छोटं कुलूप लावा. कापडी पिशव्या, तोंड दोरीने बांधलेली पोती हे परत करतात. तिकीटही दाखवावं लागतं.

पक्का_प्रवासी

हे कुलपाचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं काहीही ठेवून घेतात.

नंदीध्वज

चादरीचं पोतं तिथं ठेवता येत नाही म्हणजे खरेदीची वेळ बदलावी लागेल मग. आमच्या घरी येणारे पाहुणे नेहमी चूक करतात, पहिल्याच दिवशी चार चादरी आणि दोन डझन टॉवेल घेतात आणि मग तीन दिवस ते गाठोडं गाडीत, लॉजवर, स्टेशनवर वाहतात. सोलापुरी चादर जड असते, तीच तिची ओळख. त्या जाड विणीसाठीच तर आपण घेतो. खरेदी अगदी शेवटी, रविवारी संध्याकाळी. फक्त दुकान रविवारी उघडं असतं का हे शनिवारी जाता जाता विचारून ठेवा.

दुकानात चादरीला हात लावून बघा. दोन्ही बाजूंनी नक्षी विणलेली दिसली पाहिजे, छापलेली नको. छापील मालाची उलटी बाजू फिकी असते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय नोंद मिळालेली आहे, तरी नावाखाली बाहेरचा माल विकतात.

स्वरा_पुणे

शेंगाचटणी विसरू नका! मात्र तेल सुटतं. माझ्या भाच्याच्या शाळेच्या दप्तरात सुटलं होतं, सगळी पुस्तकं खमंग झाली. दोन पिशव्यांत घालून वर डबा.

बाळीवेसकर

आणि कडक भाकरी. ती दिवसेंदिवस टिकते, गाडीत मोडून चटणीबरोबर खाता येते. मुलाला तिखट झेपत नसेल तर शेंगापोळी घ्या. रात्रीच्या गाडीला हेच जेवण उत्तम. मटण किंवा तेलकट हादडून साडेदहाला वरच्या बर्थवर चढू नका, सगळी रात्र जळजळत जाते.

माधवकाका_सोलापूर

आता मृण्मयीताईंच्या लॉजबद्दल. अर्ध्या दिवसाचं भाडं मागत असेल तर द्या. पैसे वाचवायला भर उन्हात चौघांनी हिंडायचं ठरवलंत तर दिवसभराच्या रिक्षा, सरबतं आणि दोन हॉटेलांत नुसतं बसायला मागवलेला चहा-नाश्ता, हा खर्च कुठे जातो ते लिहून बघा. आणि घासाघीस अशी करा: दोन रात्री राहताय, एकच खोली सहापर्यंत हवी आहे. दोन खोल्या घेतल्या असतील तर त्यातली एक बाराला सोडून द्या. चौघं दुपारी एका खोलीत आडवे होऊ शकता. बहुतेक लॉजवाले एवढं ऐकतात, कारण रविवारी दुपारी खोली रिकामीच असते. मात्र ही गोष्ट फोनवर आत्ताच ठरवा आणि नाव-तारीख-वेळ संदेशात मागवून घ्या.

मृण्मयी_ठाणे

दोन खोल्या घेतल्या आहेत! एक सोडायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग रविवार असा लिहू का, बघा बरं:

पहाटे साडेपाचला अक्कलकोट, साडेनऊला तिथून निघायचं, साडेदहाला लॉजवर. नाश्ता तिथंच झालेला. नवऱ्याने दुसऱ्या खोलीतलं सामान पहिल्या खोलीत आणून अकराला ती सोडायची. एकला जवळच जेवण, दीड ते साडेचार झोप. मग आंघोळी, बॅगा, पावणेसहाला खोली सोडायची. सामान क्लोकरूमला. मग सिद्धेश्वर मंदिर आणि तळं. चादरी. साडेआठला जेवण. साडेनऊला स्टेशन.

सुलभा_जोशी

छान आहे. एक बदल. आंघोळ खोली सोडायच्या अगदी आधी ठेवा, साडेचारला नको. घामाच्या कपड्यांनी गाडीत चढलं की झोप लागत नाही. रात्रीचे गाडीतले कपडे पिशवीत वर ठेवा, बॅगेत तळाशी नको.

नंदीध्वज

चादरी क्लोकरूमनंतर घेणार, म्हणजे गाठोडं हातातच राहणार. मंदिर आधी, चादरी नंतर, हे बरोबर आहे. पण त्यानंतर जेवायला जाताना ते गाठोडं कोण धरणार? जेवण आधी आणि खरेदी अगदी शेवटी ठेवलंत तर दुकान बंद व्हायची भीती. त्यापेक्षा नवरा आणि मुलगा दुकानात, तुम्ही दोघी हॉटेलात बसून ऑर्डर द्या.

बाळीवेसकर

मंदिर सहा-सव्वासहाला म्हणजे उत्तम. फरशी निवलेली असते, तळ्यावरून वारा येतो. आजींना प्रदक्षिणा नको, बाहेर बसू द्या. शेजारीच भुईकोट किल्ला आहे, मुलाला बाहेरून तट दाखवा. १८१८ साली इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून हा किल्ला घेतला हे त्याला सांगा, त्याला तोफांचं आवडेल. आत जाऊ नका, चढउतार आहे आणि वेळही जातो.

भटक्या_विजय

माझी यादी परत वाचली. आम्ही सहा जण होतो, सगळे पंचविशीतले, आणि महिना डिसेंबर होता. हे लिहायचं राहिलं. मृण्मयीताई, तुमच्या यादीतून काहीही वाढवू नका.

नीता_रेल्वेप्रेमी

एक शेवटचं. सिद्धेश्वर सोलापूरहूनच सुटते, त्यामुळे डबे सुटायच्या वेळेआधी फलाटाला लागतात. साडेनऊला स्टेशनवर पोहोचलात तर आजींना फलाटावरच्या बाकावर तासभर ताटकळावं लागणार नाही, डबे लागले की लगेच बर्थवर आडवं होता येईल. डबा कुठे येतो ते हमालाला आधी विचारा, म्हणजे फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावं लागणार नाही. आणि क्लोकरूम बंद व्हायची वेळ संध्याकाळी सामान देतानाच विचारून घ्या.

प्रसाद_वाकड

अक्कलकोटच्या निर्णयाबद्दल सुलभाताईंना अजूनही पटलेलं नाही असं दिसतंय.

सुलभा_जोशी

नाही पटलेलं. पण आजी स्वतः म्हणाल्या म्हटल्यावर मी काय बोलू. मोटारवाल्याला मात्र परतीची वेळ साडेनऊ सांगून ठेवा, आणि साडेनऊ म्हणजे साडेनऊ.

मृण्मयी_ठाणे

लॉजवाल्याशी आत्ताच बोलले. एक खोली रविवारी सहापर्यंत द्यायला तयार झाला, अर्ध्याच्या अर्ध्या भाड्यात. संदेशात तारीख-वेळ मागवून घेतली. शुक्रवारी मात्र आम्ही सकाळीच खोली घेणार आहोत, सासूबाईंना गाडीत झोप लागत नाही. पंढरपूर दुपारी चारनंतर. रिटायरिंग रूमचा जिना उतरल्यावर बघून येईन आणि इथं लिहीन.